सौर विद्युत घट
सौर विद्युत घट म्हणजे प्रकाशासाठी खुली ठेवलेली, मोठ्या क्षेत्रफळाची पी-एन संधी होय. शोषलेल्या प्रकाशामुळे सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन व होल यांच्या जोड्या तयार होतात. संधीतील विद्युत क्षेत्र त्यांना विलग करते आणि बाह्य परिपथात प्रकाशधारा वाहते. ती प्रकाशाच्या तीव्रतेच्या प्रमाणात असते.

परिपथ खुला असल्यास घटाचे विभवांतर वाढते व संधीतून डायोडप्रमाणे विरुद्ध दिशेची धारा वाहू लागते. ती प्रकाशधारेइतकी होताच विभवांतर स्थिरावते. यास खुल्या परिपथाचे विभवांतर म्हणतात.

उदाहरणार्थ, एका घटाची लघुपरिपथ धारा ९ अँपिअर व खुल्या परिपथाचे विभवांतर ०.६३ व्होल्ट असल्यास त्यांचा गुणाकार ५.६७ वॅट येतो. मात्र ही दोन्ही मूल्ये एकाच वेळी मिळत नाहीत. कमाल शक्ती ०.५३ व्होल्ट व ८.५ अँपिअरला, म्हणजे सुमारे ४.५ वॅट मिळते. ४.५ भागिले ५.६७, म्हणजे सुमारे ०.७९, हा या घटाचा भरण गुणांक होय.

जोडणी सदोष असल्यास एकसर रोध वाढतो. तेव्हा वरील दोन्ही टोकांची मूल्ये बहुधा जवळपास तशीच राहतात, पण भरण गुणांक घटतो. म्हणून केवळ खुल्या परिपथाचे विभवांतर मोजून हा दोष ओळखता येत नाही.