खेळाचा वेळ मोजताना

मुलांचा गृहपाठ, शिकवणीचे तास आणि खेळ यांचे सर्वेक्षण शालेय प्रकल्पासाठी नेहमी निवडले जाते. दहा ते सतरा वयोगटातील मुले राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत गटाने जे प्रकल्प मांडतात, त्यांतही हा विषय सहज बसतो. बहुतेक गटांची प्रश्नावली एकाच प्रश्नाने सुरू होते: ‘तुम्ही रोज किती तास खेळता?’ त्याला मिळणाऱ्या उत्तरांवर फारसा विश्वास ठेवता येत नाही. मुलाला सुट्टीच्या दिवसाचा खेळ लक्षात राहतो आणि तोच तो ‘रोज’ म्हणून सांगतो. शिक्षक समोर उभे असतील तर गृहपाठाचा वेळ वाढतो आणि मोबाईलचा घटतो. ‘साधारण दोन तास’ हे उत्तर तर वर्गातली निम्मी मुले एकमेकांकडे पाहून देतात.

यापेक्षा भरवशाची रीत म्हणजे वेळ-नोंद. भारतात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळ-वापराचे पहिले सर्वेक्षण केले. त्यात सहा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचे पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत नोंदले गेले. ‘किती वेळ?’ असे न विचारता ‘या अर्ध्या तासात काय केले?’ असे विचारायचे आणि बेरीज नंतर आपण करायची, हे या पद्धतीचे मर्म आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी पंधरा मिनिटांचे रकाने अधिक सोयीचे पडतात, कारण मुलांच्या दिवसात लहान तुकडे पुष्कळ असतात. नोंद कालच्याच दिवसाची घ्यावी, परवाचा दिवस मुलांना धड आठवत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांचा तक्ता पालकांकडून भरून घ्यावा लागतो.

मुले निवडतानाही चूक होते. ‘कोण भरणार?’ असे विचारले की हौशी मुलेच हात वर करतात. हजेरीपटावरून दर चौथा किंवा पाचवा क्रमांक घेतला तर ही अडचण टळते. तिसरी, पाचवी, सातवी, नववी अशा एकाआड एक इयत्ता घेतल्या तरी वयानुसार होणारा बदल दिसतो. प्रत्येक मुलाचा एक शाळेचा दिवस आणि एक रविवार नोंदवावा. शाळेचे दिवस मात्र मुलांमध्ये वाटून द्यावेत. सगळ्यांचा सोमवारच घेतला आणि नेमकी सोमवारीच गणिताची शिकवणी असली, तर आठवड्याचे चित्र बिघडते. घटक चाचणीचा किंवा गणपतीचा आठवडा टाळावा आणि तक्त्यावर नाव लिहायला लावू नये.

मग कशाला काय म्हणायचे, हे ठरवावे लागते. शिकवणीला जाण्या-येण्याचा वेळ शिकवणीतच धरावा, कारण तो मुलाच्या हातात उरत नाही. शाळेचा गृहपाठ आणि शिकवणीचा गृहपाठ वेगळा लिहावा. 2020 च्या केंद्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला फार तर एक तास आणि नववीपासून दोन तास अशी मर्यादा आहे. ती शाळेच्या गृहपाठाची आहे. दोन्ही गृहपाठ एकत्र मोजले, तर शाळा मर्यादेत असूनही ती ओलांडल्यासारखी दिसेल. घरकामाचाही रकाना हवाच. पाणी भरणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, भांडी घासणे याला जागा दिली नाही तर तो वेळ ‘रिकामा’ या सदरात जातो, आणि मुलींच्या बाबतीत हा घोटाळा जास्त होतो.

आता एक तक्ता पाहू. आठवीतली मुलगी आहे, शाळा सकाळच्या सत्रात सात ते साडेबारा, असे समजू. एक वाजता घरी, दीडपर्यंत जेवण, अडीचपर्यंत आराम आणि टीव्ही. अडीच ते साडेतीन शाळेचा गृहपाठ. पावणेचारला निघून चार ते सहा शिकवणी, सव्वासहाला घरी. सात ते आठ शिकवणीचा गृहपाठ, मग जेवण, साडेआठ ते साडेनऊ मोबाईल आणि झोप. शाळा, शिकवणी आणि दोन्ही गृहपाठ मिळून अभ्यास साडेनऊ तास झाला, शिवाय शिकवणीची ये-जा अर्धा तास. शाळेचा गृहपाठ बरोबर एक तास, म्हणजे मर्यादेत. रिकामा वेळ जेवणानंतर एक तास, निघण्यापूर्वी पाव तास, परतल्यावर पाऊण तास आणि रात्री एक तास, असा एकूण तीन तास.

तीन तास ऐकायला भरपूर वाटतात. पण दुपारी दीडला मैदानावर ऊन असते, रात्री साडेआठला मैदानच बंद असते आणि पाव तासात चप्पल घालून बाहेर पडणेही होत नाही. उरतो तो संध्याकाळचा पाऊण तास, आणि डिसेंबरमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून बेरजेसोबत ‘संध्याकाळी उजेडात सलग किती वेळ?’ हाही आकडा काढावा. या मुलीसाठी तो हिवाळ्यात शून्याजवळ येतो.

अडचण इथेच संपत नाही. लगोरी किंवा कबड्डी एकट्याने खेळता येत नाही. हिच्या मैत्रिणींची शिकवणी सहा ते आठ असली, तर हिच्या पाऊण तासात खाली कुणीच नसते. एकाच वाडीतल्या किंवा सोसायटीतल्या मुलांचे तक्ते शेजारी ठेवून पाच ते सात या वेळातल्या प्रत्येक रकान्यात किती मुले एकदम मोकळी आहेत हे मोजले, की खेळ का जमत नाही हे कळते. प्रत्येकाकडे वेळ असतो, पण सगळ्यांचा मिळून वेळ नसतो. सरासरीत ही गोष्ट कधीच दिसत नाही.

सरासरी आणखी एका ठिकाणी फसवते. समजा, दहा मुलांची रोजची शिकवणी मिनिटांत अशी आहे: पाच जणांची शून्य, एकाची 60, तिघांची 120 आणि एकाची 180. बेरीज 600, सरासरी एक तास. पण रोज एक तास शिकवणी घेणारे मूल त्यात एकच आहे. निम्मी मुले शिकवणीला जातच नाहीत आणि जाणाऱ्यांची सरासरी दोन तास आहे. म्हणून इयत्तावार तक्त्यात दोन रकाने करावेत: किती जण जातात आणि जाणारे किती वेळ देतात. वरच्या इयत्तांत यांपैकी काय वाढते, हे तेव्हाच सांगता येते.

निष्कर्षात मर्यादा लिहायला हव्यात. पाचवीतली मुले आणि नववीतली मुले वेगळी आहेत, त्यामुळे ‘मूल मोठे होताना खेळ इतका घटला’ असे या नोंदींवरून म्हणता येत नाही. दोन्ही इयत्तांत आज फरक आहे, एवढेच म्हणता येते. शिकवणीला जाणारी मुले कमी खेळत असतील तर कारण शिकवणीच असेल असेही नाही. त्यांची शाळा दुपारच्या सत्रात असू शकते, घराजवळ मैदान नसू शकते. एकाच इयत्तेतली, एकाच सत्रातली, एकाच वस्तीतली मुले समोरासमोर ठेवली तर ही शंका थोडी कमी होते. एका शाळेत अशा जोड्या मोजक्याच निघतात. तेव्हा शेजारच्या शाळेतही त्याच तक्त्यावर, त्याच महिन्यात नोंद घेणे बरे.