विक्रोळीचा टाइपरायटर: कुत्रा की गाय?

घाटकोपरला संध्याकाळच्या बॅचला मी सीए इंटरचं स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट शिकवतो. पेपर सहामध्ये या विषयाचे 50 गुण आहेत, आणि ‘बीसीजी मॅट्रिक्स’ आली की मुलं खूश असतात. चार चौकोन, चार नावं, पाठ करायला सोपं. मागच्या वर्षी मी फळ्यावर एकच ओळ लिहिली: ‘2009 सालचा गोदरेजचा टाइपरायटर कुठल्या चौकोनात?’ वर्गातून एकमुखानं उत्तर आलं, ‘डॉग, सर!’

मुलांचा हिशेब सरळ होता. मरणारा धंदा म्हणजे डॉग. पण मॅट्रिक्स धंद्याच्या तब्येतीबद्दल असं काही विचारतच नाही. ती दोनच गोष्टी विचारते: बाजार किती वेगानं वाढतोय आणि त्यात तुमचा वाटा सगळ्यांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या किती पट आहे.

ही दुसरी गोष्ट पेपरात हमखास चुकते. प्रश्नात लिहिलेलं असतं, आपला वाटा 20 टक्के, सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याचा 10 टक्के. मुलं 20 हा आकडा बघून ‘कमी वाटा’ लिहून मोकळी होतात. भागाकार केला तर उत्तर 2 येतं, म्हणजे तुम्ही दुप्पट मोठे, बाजाराचे पुढारी. उलट आपले 30 आणि समोरच्याचे 45 असतील तर उत्तर 0.67, म्हणजे वाटा कमी. रेघ 1 वर असते. वाढीची रेघ बहुधा 10 टक्क्यांवर धरतात.

ब्रूस हेंडरसननं 1970 मध्ये हे मांडलं तेव्हा त्यामागे रोकडीचा विचार होता. ज्यानं आजवर सर्वांत जास्त माल बनवला, त्याचा दर नगाचा खर्च कमी, म्हणून त्याच्याकडे पैसा उरतो. वाढणारा बाजार मात्र पैसा खातो: नवी यंत्रं, वाढता साठा, गिऱ्हाइकांना दिलेली उधारी.

आता घाटकोपरच्या पुढच्याच स्टेशनवर, विक्रोळीला या. गोदरेजनं 1955 मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. पुढे उत्पादन शिरवळला गेलं. नव्वदच्या दशकात वर्षाला 50,000 च्या आसपास यंत्रं खपत. कॉम्प्युटर आले, रेमिंग्टन, फॅसिट यांसारखे प्रतिस्पर्धी एकेक करून बाहेर पडले, आणि 2009 मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा आकडा 10 ते 12 हजारांवर आला होता. 2011 मध्ये ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ अशी बातमी जगभर फिरली. ती अतिशयोक्ती होती. इलेक्ट्रॉनिक यंत्रं बनवणारे अजून होते.

पण हाताच्या टाइपरायटरच्या भारतीय बाजारात समोर कुणी उरलंच नव्हतं. भागाकारासाठी खाली आकडाच नाही! वाटा अतिउच्च, वाढ शून्याच्याही खाली. नियमाप्रमाणे ही कॅश काऊ.

मग वर्गात एक मुलगी म्हणाली, ‘पण सर, ही गाय भाकड झालीय ना?’ बरोबर बोलली. मॅट्रिक्सला 2 टक्क्यांनी वाढणारा बाजार आणि दरवर्षी आटणारा बाजार एकाच चौकोनात दिसतात, आणि दोघांची नीती मात्र एक नाही. संथ पण टिकाऊ गायीसाठी अपेक्षित उत्तर ‘होल्ड’: वाटा सांभाळा, उरलेला पैसा क्वेश्चन मार्कला द्या. आटणाऱ्या गायीसाठी ‘हार्वेस्ट’: नवी गुंतवणूक बंद, जाहिरात बंद, जुन्या साच्यांवर जितकं निघेल तितकं काढा. आणि ज्या वर्षी विक्रीतून कामगार, सुटे भाग आणि अडकलेला साठा यांचा खर्चही निघेना, त्या वर्षी ‘डायव्हेस्ट’. असं यंत्र बनवणारा विभाग विकत घ्यायला कुणी येत नाही, म्हणून डायव्हेस्ट म्हणजे इथे बंद करणं. पेपरात मुलं ‘विकून टाका’ लिहितात. कुणाला, ते लिहीत नाहीत.

याच्या उलट बाजूला फ्रिज. 1958 मध्ये गोदरेजनं भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली. पण नंतर एलजी, सॅमसंग पुढे गेले. फ्रिजचा बाजार वाढीच्या रेघेच्या वर असताना पुढाऱ्याच्या मागे असलेल्या विभागाला क्वेश्चन मार्क म्हणतात, आणि परीक्षक तिथे ‘बिल्ड’ किंवा ‘डायव्हेस्ट’ अशी निवड मागतो. दोन्ही लिहून सुटता येत नाही. पुढाऱ्याला गाठायला किती रोकड लागेल आणि ती कुठल्या गायीकडून येणार, हे सांगितलं की पूर्ण गुण. शिरवळला आजही गोदरेजचे फ्रिज बनतात.

एवढं झाल्यावर मीच मुलांची बाजू घेतली. बाजार ‘हाताचा टाइपरायटर’ न धरता ‘ऑफिसात मजकूर टाइप करायची यंत्रं’ असा धरला, तर कॉम्प्युटरवाले प्रतिस्पर्धी होतात. बाजार जोरात वाढणारा, गोदरेजचा वाटा नगण्य. मग डॉगही नाही, चक्क क्वेश्चन मार्क! यंत्र तेच, कारखाना तोच. सीमारेषा हलली की चौकोन हलला.

त्या मुलीनं वहीत आपलं ‘डॉग’ खोडलं. नवं उत्तर लिहिण्याआधी पानाच्या माथ्यावर तिनं लिहिलं: ‘बाजार: हाताचे टाइपरायटर, भारत, 2009.’