अनिच्छा की अडचण?

प्रश्न : पती ४६ वर्षांचे, मधुमेही. वर्षभरापासून ते जवळ येत नाहीत; पत्नी झोपेपर्यंत मोबाइल बघत बसतात. त्यांना पत्नी नकोशी झाली आहे का?

उत्तर : असे टाळणे बहुधा नावडीपेक्षा भीतीतून येते. वाढलेल्या साखरेने रक्तवाहिन्या आणि नसा हळूहळू बिघडतात, त्यामुळे लिंगाला पुरेसा ताठरपणा येत नाही. एकदोनदा फजिती झाली की पुरुष तो प्रसंगच टाळू लागतो, आणि पत्नीला वाटते, मनच उडाले.

एक खूण उपयोगी पडते. पहाटे ताठरपणा येत असेल, तर कारण बहुधा ताण किंवा दुरावा असते. तोही हळूहळू नाहीसा झाला असेल, तर शारीरिक कारणाचा संशय घ्यावा. इच्छाच मावळली असेल, तर सकाळी टेस्टोस्टेरॉन तपासतात. नैराश्य, तसेच त्यावरची काही औषधेही इच्छा कमी करतात.

विषय अंथरुणात काढू नये. फिरायला गेल्यावर, ‘तुम्हाला काही त्रास होतोय का? आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ,’ एवढे पुरे. ताठरपणाची गोळी परस्पर घेऊ नये. हृदयविकाराच्या नायट्रेट औषधांसोबत ती जिवावर बेतू शकते. शिवाय हा त्रास हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकतो, म्हणून साखरेबरोबर रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही तपासून घ्यावे.