नमुन्यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं

जून तोंडावर आला की विदर्भ-मराठवाड्यातले अनेक शेतकरी घरच्या सोयाबीनची उगवण तपासून बघतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची, पाणी शिंपडत राहायचं आणि काही दिवसांनी कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर बियाणं पेरणीलायक, कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं. सगळी चाचणी शेवटी एका आकड्यावर येते. कुठल्या ओळीतला कितवा दाणा उगवला, हे कोणी लिहून ठेवत नाही.

त्या न लिहिण्यात काही गमावलं का? संख्याशास्त्रात या प्रश्नाला नेमकं उत्तर आहे. ते रोनाल्ड फिशर यांनी १९२० ते १९२२ या काळात शोधलं आणि मला ते या शास्त्रातल्या सर्वांत सुंदर उत्तरांपैकी एक वाटतं.

हिशेब सोपा राहावा म्हणून एकच ओळ घेऊ. दहा दाणे, त्यांतले सात उगवले. प्रत्येक दाणा उगवण्याची शक्यता p आहे, सर्वांसाठी सारखीच आहे आणि एका दाण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं धरू. मग ‘पहिले सात उगवले, शेवटचे तीन कुजले’ या विशिष्ट निकालाची शक्यता p⁷(1−p)³ इतकी येते. ‘दुसरा, पाचवा आणि नववा कुजला, बाकी उगवले’ या निकालाचीही तेवढीच. दहांतून सात जागा निवडायच्या एकूण १२० पद्धती आहेत आणि प्रत्येकीची शक्यता हीच. म्हणजे ‘एकूण सात उगवले’ एवढं एकदा सांगितलं की उरलेला प्रश्न फक्त ‘१२० पैकी कुठली मांडणी?’ हा राहतो. त्याचं उत्तर प्रत्येक मांडणीसाठी एकशेविसांत एक. त्यात p नाही. बियाणं उत्तम असो की भिकार, सात उगवल्यानंतर ते कुठले सात हे समान संधीनं ठरतं. जे p वर अवलंबूनच नाही, ते p बद्दल काय सांगणार? म्हणून बेरीज पुरते. अशा सारांशाला संख्याशास्त्रात ‘पर्याप्त’ म्हणतात: तो हातात आला की मूळ नमुन्यात त्या अज्ञात राशीबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही.

दर वेळी असा भागाकार करत बसणं मात्र जिकिरीचं असतं. त्यावरचा सोपा मार्ग म्हणजे अवयव पाडण्याची कसोटी. तिचं बीज फिशर यांच्या १९२२च्या निबंधात आहे, जेर्झी नेमन यांनी ती १९३५ मध्ये मांडली आणि १९४९ मध्ये हाल्मोस आणि सॅव्हेज यांनी तिला व्यापक, काटेकोर रूप दिलं. कसोटी अशी: संपूर्ण नमुन्याच्या शक्यतेचं सूत्र लिहा आणि त्याचे दोन अवयव पडतात का बघा. एका अवयवात अज्ञात राशी येऊ शकते, पण त्या अवयवाला नमुन्यातलं फक्त सारांशापुरतं दिसलं पाहिजे. दुसऱ्या अवयवात नमुना हवा तितका येवो, अज्ञात राशी येता कामा नये.

f(x; θ) = g(T(x), θ) · h(x)

असे अवयव पडले तर T पर्याप्त आहे, आणि T पर्याप्त असेल तर असे अवयव पडतातच. कारणही दिसायला अवघड नाही. ज्या नमुन्यांचा सारांश एकच आहे त्यांची आपसांत तुलना केली की g सगळीकडे सारखाच असल्यामुळे भागाकारात उडून जातो आणि मागे फक्त h उरतो. दाण्यांच्या उदाहरणात p⁷(1−p)³ हा सगळाच g आणि h म्हणजे निव्वळ १.

आता असं उदाहरण घेऊ, जिथे बेरीज उपयोगाची नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतो हे दोस्तांना हवं होतं. हेरांकडून येणारे आकडे भरमसाट होते. लंडनमधल्या अमेरिकी दूतावासाच्या आर्थिक युद्ध विभागानं १९४३च्या सुरुवातीपासून वेगळी वाट धरली: हाती लागलेल्या जर्मन सामग्रीवरचे अनुक्रमांक वाचायचे. मूळ कल्पना एवढीच. रणगाड्यांना १ पासून N पर्यंत क्रमांक आहेत, N माहीत नाही, आणि त्यांतले कुठलेही सारख्याच शक्यतेनं हाती लागतात.

समजा चार क्रमांक मिळाले: १७, ५८, ३१, ८०. N पैकी कुठलेही विशिष्ट चार मिळण्याची शक्यता म्हणजे ‘एक भागिले N मधून चार निवडण्याच्या पद्धती’. पण हे सूत्र इथेच संपवलं तर फसगत होते, कारण त्यात मिळालेले क्रमांक कुठेच दिसत नाहीत आणि नमुना निरुपयोगी आहे असा विचित्र निष्कर्ष निघतो. पाठ्यपुस्तकातल्या ० ते θ या एकसमान वितरणात विद्यार्थी नुसतं 1/θⁿ लिहून थांबतात, तेव्हा नेमकं हेच होतं. सुटलेली गोष्ट म्हणजे अट: मिळालेला प्रत्येक क्रमांक N पेक्षा जास्त नसला पाहिजे, नाहीतर शक्यता शून्य. ही अट सूत्राचा भागच आहे. सगळे क्रमांक N च्या आत आहेत का, हे कळायला त्यांतला सर्वांत मोठा बघितला की झालं. म्हणून g मध्ये फक्त ८० जातो आणि पर्याप्त सारांश ठरतो तो ‘कमाल क्रमांक’.

पडताळा घ्यायचा तर असा. कमाल ८० आहे हे कळल्यावर उरलेले तीन क्रमांक १ ते ७९ मधले कुठलेही असू शकतात. अशी त्रिकुटं ७९,०७९ आहेत आणि सगळी सारख्याच शक्यतेची, मग रणगाडे शंभर असोत की हजार. १७, ३१ आणि ५८ आपल्याला N बद्दल काही सांगत नाहीत.

नेहमीच्या सवयीनं सरासरी घेतली तर काय बिघडतं तेही बघू. या चौघांची सरासरी ४६.५ आहे. दुप्पट करून एक वजा केला की अंदाज ९२ येतो, ऐकायला बरा. पण क्रमांक ५, ९, १२ आणि ८० मिळाले असते तर सरासरी २६.५ आणि अंदाज ५२ आला असता. ऐंशी क्रमांकाचा रणगाडा समोर उभा असताना एकूण रणगाडे बावन्न! कमाल क्रमांकावरून केलेला अंदाज दोन्ही वेळा एकच येतो. ऐंशीच्या आत न दिसलेले क्रमांक ७६, ते चार फटींत वाटले तर सरासरी फट १९ची, तेवढीच फट ऐंशीच्या पुढे धरायची: ९९.

प्रत्यक्ष काम याहून किचकट होतं. सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स यांचे क्रमांक वेगवेगळे होते आणि सगळेच सलग दिलेले नव्हते. त्यातल्या त्यात गिअरबॉक्सचे क्रमांक सलग असल्यामुळे जास्त कामाला आले. युद्धानंतर जर्मन नोंदी सापडल्या तेव्हा ताळा करता आला. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज महिन्याला १,५५० रणगाड्यांचा होता, अनुक्रमांकांवरून काढलेला ३२७ आणि जर्मन नोंदीतला आकडा ३४२.

दाण्यांना बेरीज पुरली, रणगाड्यांना कमाल. म्हणजे काय ठेवायचं हे आकडे पाहून ठरत नाही, ते आकडे कसे जन्मले याबद्दल आपण जे धरून चालतो त्यावरून ठरतं. या कल्पनेचा जन्म ज्या वादातून झाला, त्यात हीच गोष्ट कळीची होती.

खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी १९१४च्या आपल्या पुस्तकात असं सुचवलं होतं, की निरीक्षणांतला विखार मोजायला प्रत्येक वाचन सरासरीपासून किती दूर आहे ते चिन्ह सोडून घ्यावं आणि त्याची सरासरी काढावी. चुकांचे वर्ग करण्यापेक्षा हे बरं. फिशर यांनी १९२० मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात हे तपासलं. घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणात नमुन्याची शक्यता (x−μ)² च्या बेरजेवर अवलंबून असते. शाळेतलं सूत्र वापरून ती उलगडली की Σx² − 2μΣx + nμ² मिळतं. μ आणि विखार σ दोन्ही अज्ञात असतील तर नमुन्यातून त्यांना भिडणाऱ्या राशी दोनच: वाचनांची बेरीज आणि वर्गांची बेरीज. σ आधीच ठाऊक असेल तर Σx² चा भाग h मध्ये जातो आणि नुसती बेरीज पुरते.

दोन निरीक्षकांची वाचनं घ्या. पहिल्याची ८, ८, ११, ११, ११, ११. दुसऱ्याची ७, ११, ११, ११, १०, १०. दोघांची बेरीज ६०, वर्गांची बेरीज ६१२. वितरण प्रसामान्य असेल तर दोघांनी μ आणि σ बद्दल अगदी एकच निष्कर्ष काढायला हवा. एडिंग्टन यांच्या मापानं मात्र पहिल्याचा विखार सुमारे १.३३ आणि दुसऱ्याचा १ येतो. फिशर यांनी दाखवलं, की हा फरक निव्वळ योगायोगाचा आहे: वर्गांवरून काढलेलं माप एकदा कळलं की एडिंग्टन यांचं माप खऱ्या σ बद्दल काही नवं सांगत नाही. वर्गांच्या मापाला १०० निरीक्षणांत जी अचूकता मिळते, तिला एडिंग्टन यांच्या मापाला मोठ्या नमुन्यांत सुमारे ११४ लागतात.

इथे फिशर निर्विवाद बरोबर आहेत, ‘वितरण प्रसामान्य असेल तर’ या अटीसह. ती अट खरी आहे का, हे मात्र पर्याप्त सारांश कधीच सांगू शकत नाही. ते सांगतो आपण टाकून दिलेला भाग. गोणपाटावर सत्तर दाणे उगवले आणि कुजलेले तीसच्या तीस कडेच्या तीन ओळींत निघाले, तर सत्तर या आकड्यात त्याचा मागमूस नसतो. पण प्रत्येक मांडणी सारख्या शक्यतेची असताना असं जुळून येणं जवळजवळ अशक्य, आणि हा निर्णय p माहीत नसतानाही घेता येतो. गोणपाटाची कड वाळली असणार. चाचणी पुन्हा घ्यायला हवी. म्हणून सारांश काढल्यावरही कच्ची नोंदवही फाडू नये, असं माझं ठाम मत आहे.

एडिंग्टन यांच्या बाजूचा हिशेब जॉन टुकी यांनी १९६० मध्ये मांडला. हजार निरीक्षणांत सरासरी दोनच निरीक्षणं तिप्पट विखाराच्या वितरणातून आलेली असली, तरी मोठ्या नमुन्यांत एडिंग्टन यांचं माप वर्गांच्या मापाला किंचित मागे टाकतं.