नडगी दुखते : बोट दाखवा की तळहात?

जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की सोलापूरचं होम मैदान पाळण्यांनी आणि दुकानांनी व्यापतं. तिथे पळणारी मुलं मग डांबरी रस्ता धरतात. नेमकी महिनाअखेरीस क्रॉस कंट्री स्पर्धा असेल, तर क्रीडाशिक्षक दर सोमवारी फलकावर लावतात ती आठवड्याची चिठ्ठी या दिवसांत जपून लिहायला हवी.

समजा, मागच्या आठवड्यात मुलं मातीवर एकूण 12 किलोमीटर पळाली. नव्या चिठ्ठीत 18 किलोमीटर आहेत आणि तेही रस्त्यावर. अंतर वाढलं, जमीनही बदलली. दम टिकतो, म्हणून मुलांना हे जड वाटत नाही. पण हाडाचं गणित वेगळं असतं. ताण वाढला की शरीर आधी हाडाचा जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. काढणं लवकर होतं, भरायला काही महिने लागतात. मधल्या काळात हाड कच्चं असतं.

आठवीतली एखादी मुलगी अशा वेळी नडगी चोळत बसते, पण संघातून नाव जाईल म्हणून सरांना काही सांगत नाही. सरांनी तिला एवढंच विचारावं, ‘कुठे दुखतं, दाखव बरं.’ तिने नडगीच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवला, तर बहुतेक वेळा तो हाडाला चिकटलेल्या स्नायूंचा आणि आवरणाचा ताण असतो. पळायला लागल्यावर तो थोडा कमीही होतो. दोन आठवडे अंतर निम्मं करून, मातीवर पळून बरं वाटतं.

तिने एकाच जागी बोट टेकवलं, तिथे दाबल्यावर ती कळवळली, पळताना दुखणं वाढत गेलं किंवा रात्रीही ठणकलं, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता धरावी. याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पळणं त्याच दिवशी थांबवून तिला डॉक्टरांकडे न्यावं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, पळ’ हा सल्ला इथेच फसतो. गरज पडल्यास एमआरआय करतात. साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद, म्हणजे ही स्पर्धा गेली. दुखणं दाबून पळत राहिल्यास तडा वाढतो. मुलीची पाळी सुरू होऊन नंतर काही महिने बंद झाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं. पळण्याच्या मानाने जेवण कमी पडलं की पाळी थांबते आणि हाडही कमजोर होतं.

मग सुधारलेली चिठ्ठी अशी :

‘सोमवार, शुक्रवार, रविवार सुट्टी. मंगळवारी 3 किलोमीटर, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने. बुधवारी 2 सावकाश. गुरुवारी 3, त्यात चार छोटे चढ. शनिवारी 4. रस्त्याकडेच्या मातीवरूनच पळा, नवे बूट नकोत. नडगी दुखत असेल तर शनिवारच्या आधी सांगा. सांगणाऱ्याचं नाव यादीतून कापलं जाणार नाही.’