आरसीएस संदेश : कुलपाचे चिन्ह असेल तरच गोपनीय

मराठीतील शंभर चिन्हांचा मजकूर साध्या एसएमएसने पाठवल्यास दोन संदेशांचे शुल्क लागू शकते. देवनागरीत एका एसएमएसची मर्यादा ७० चिन्हांची असून काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. तोच मजकूर आरसीएसद्वारे इंटरनेटवरून एकसंध जातो आणि केवळ डेटा खर्च होतो. छायाचित्रे पाठवण्याची व संदेश वाचला गेल्याचे कळण्याची सोयही त्यात आहे. व्हॉट्सॲपवरही हे सारे मिळते; मात्र तेथे दोघांकडेही तेच ॲप असावे लागते. आरसीएस फोनमधील संदेशांच्या ॲपमध्येच चालते.

खरा फरक गोपनीयतेचा आहे. एसएमएसचा मजकूर मोबाइल कंपनीला वाचता येऊ शकतो. व्हॉट्सॲपवरील वैयक्तिक संवाद मात्र केवळ पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येईल, असा कूटबद्ध असतो. गूगल मेसेजेस वापरणाऱ्या दोघांमधील आरसीएस संवादालाही हे संरक्षण मिळते. परंतु समोरच्याचे आरसीएस बंद असल्यास तोच संदेश एसएमएस म्हणून जाऊ शकतो. अशा वेळी पाठवण्याच्या बटणावरील कुलपाचे चिन्ह दिसत नाही. आपोआप एसएमएस पाठवण्याचा पर्याय सेटिंग्जमधून बंद करता येतो. व्यावसायिक संस्थांकडून येणाऱ्या आरसीएस संदेशांना हे संरक्षण नसते.