चार कोपऱ्यांचा एक गट

लिफ्टच्या दारावर मजल्याचा लाल आकडा दिसतो ना, तो सात पट्ट्यांचा असतो. सातही पेटल्या की ८, उजवीकडच्या दोनच पेटल्या की १. इलेक्ट्रॉनिक्सवाले या पट्ट्यांना a पासून g पर्यंत अक्षरं देतात. त्यातली एकच पट्टी आज घेऊ: डाव्या बाजूची, खालची. तिचं नाव e. ० ते ९ हे आकडे डोळ्यांसमोर आणा आणि ती कधी पेटते ते मोजा. ०, २, ६ आणि ८. बाकी सहा आकड्यांना ती विझलेली असते.

आता प्रश्न असा, की पेटायचं की नाही हे त्या पट्टीला कळतं कसं? आकडा तिच्यापर्यंत चार तारांवरून येतो. तारांना A, B, C, D म्हणू. A चालू असेल तर तिचे ८ धरायचे, B चे ४, C चे २ आणि D चा १. चालू तार म्हणजे १, बंद तार म्हणजे ०. म्हणून ६ हा आकडा तारांवर ०११० असा दिसतो, आणि ८ हा १००० असा. या चार तारा आणि e पट्टी यांच्या मध्ये एक छोटं सर्किट बसवायचं, ते AND, OR आणि NOT या तीन प्रकारच्या गेटांचं.

सरळमार्गी माणूस काय करेल? पट्टी पेटणारे चारही प्रसंग एकापुढे एक लिहून काढेल. अक्षरावर टिंब दिलं की ती तार बंद, अक्षरं शेजारी लिहिली की 'आणि', बेरजेचं चिन्ह म्हणजे 'किंवा', असा संकेत धरला तर:

```
e = A'B'C'D' + A'B'CD' + A'BCD' + AB'C'D'
```

यात चूक काहीच नाही. सर्किट चालेल. पण त्याला चार-चार पायांची चार AND गेटं लागतील, त्यांच्या पुढे आणखी चार पायांचं एक OR, शिवाय तारा उलटवायला NOT वेगळी. एका पट्टीसाठी एवढं, आणि अजून सहा पट्ट्या बाकी आहेत.

हे कमी करण्याची किल्ली एकच आहे. पहिलं आणि शेवटचं पद शेजारी ठेवून बघा: A'B'C'D' आणि AB'C'D'. बाकी सगळं तेच, फरक फक्त A चा. पाऊस असला तरी दुकान उघडं आणि पाऊस नसला तरी उघडं, असं कुणी सांगितलं तर पावसाचा उल्लेख कशाला करायचा? A गळून पडतो आणि दोन पदांच्या जागी एकच B'C'D' उरतं. सगळं सुलभीकरण म्हणजे अशा जोड्या हुडकणं. कागदावर बीजगणित करत बसलं की या जोड्या नजरेतून निसटतात, आणि निसटल्या हेही कळत नाही.

बेल लॅब्ज ही अमेरिकेतली टेलिफोन व्यवसायाची प्रयोगशाळा. तिथे काम करणाऱ्या मॉरिस कार्नॉ यांनी १९५३ साली या जोड्या डोळ्यांना दिसतील अशी मांडणी प्रसिद्ध केली. कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. आदल्याच वर्षी एडवर्ड वीच यांनी तसाच तक्ता मांडला होता, आणि त्याही आधी, १८८१ मध्ये, अॅलन मार्क्वांड यांनी तर्कशास्त्रासाठी तशीच आकृती काढली होती. कार्नॉ यांचं कर्तृत्व घरांचा क्रम बदलण्यात आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळी गंमत तिथेच आहे. आपल्याकडे डिप्लोमाच्या वर्गात याला 'के-मॅप' म्हणतात. e पट्टीचा के-मॅप असा:

```
            CD
        ००  ०१  ११  १०
AB  ००   १   ०   ०   १
    ०१   ०   ०   ०   १
    ११   X   X   X   X
    १०   १   ०   X   X
```

सोळा घरं, कारण चार तारांच्या चालू-बंदच्या सोळा तऱ्हा होतात. वरच्या ओळीचा क्रम नीट बघा. ००, ०१ नंतर १० यायला हवं असं वाटतं, पण आलंय ११. हे मुद्दाम आहे. ०१ वरून १० वर जायचं तर दोन तारा एकदम बदलाव्या लागतात. ०१ वरून ११ वर जाताना एकच बदलते. कुठल्याही घरातून शेजारच्या घरात पाऊल टाका, एकच अक्षर बदलतं. म्हणजे नकाशात शेजारी असणं आणि जोडी जमणं या दोन गोष्टी एकच झाल्या. शोधायचं काम बीजगणिताकडून डोळ्यांकडे गेलं.

आणि शेजार कागदाच्या कडेला संपत नाही. शेवटचा स्तंभ १० आणि पहिला ०० यांतही एकाच तारेचा फरक आहे, म्हणून डावी कड उजव्या कडेला चिकटलेली समजायची. वरची ओळ आणि खालची ओळही तशीच. कागदाची सुरळी केली आणि मग तिची दोन टोकं वळवून एकमेकांना जोडली तर मेदूवड्याचा आकार होतो. नकाशा खरा त्या वड्यावर काढलेला आहे, कागदावर आपण तो नाइलाजानं पसरून ठेवतो.

X चं काय? चार तारांवर १० ते १५ या संख्याही येऊ शकतात, पण आपल्या आकड्याला त्या कधी दाखवायच्याच नाहीत. त्या सहा घरांत काय भरायचं याची कुणाला पर्वा नाही. सोयीचं असेल तिथे X ला १ माना, नसेल तिथे ० माना. दोन्ही माफ.

आता गट पाडायचे. गटात घरं १, २, ४ किंवा ८ अशीच हवीत आणि गट चौकोनी हवा. गट दुप्पट केला की एक अक्षर कमी होतं, म्हणून जमेल तेवढा मोठा गट घ्यायचा. एकच घर दोन गटांत आलं तरी चालतं.

नजर आधी उजवीकडच्या स्तंभावर जाते. वरून खाली १, १, X, X. दोन्ही X ला १ मानलं तर चार घरांचा उभा गट झाला. या स्तंभात A आणि B सगळी रूपं घेतात, म्हणून दोघंही गळाले. C सतत १, D सतत ०. उरलं CD'. यात २ आणि ६ आले.

राहिले ० आणि ८, पहिल्या स्तंभाच्या दोन टोकांना. दोन्ही कडा जुळतात म्हणून त्यांची जोडी होतेच. पण मेदूवडा आठवला तर आणखी मोठा गट दिसतो: नकाशाचे चारही कोपरे. वर डावीकडे १, वर उजवीकडे १, खाली डावीकडे १, खाली उजवीकडे X. कागदावर एकमेकांपासून सर्वांत लांब असलेली ही चार घरं खरं तर एकाच ठिकाणी भेटतात. त्यांच्यात B नेहमी ० आणि D नेहमी ०. म्हणून B'D'.

```
e = B'D' + CD' = D'(B' + C)
```

सोळा अक्षरांची चार झाली, आणि D' बाहेर काढल्यावर तीनच. ही शेवटची पायरी मात्र नकाशा सांगत नाही. आधी AND आणि मग OR अशा दोन थरांच्या सर्किटातलं सर्वांत लहान रूप तो देतो. त्यापुढची काटकसर आपली आपण करायची.

या उत्तराचा अर्थ वाचून बघा, मला तो दर वेळी सुखावतो. D हा एककाचा बिट, तो ० म्हणजे संख्या सम. कंसातली अट मोडते ती फक्त B चालू आणि C बंद असताना, म्हणजे सम आकड्यांमध्ये फक्त ४ ला. थोडक्यात, 'आकडा सम हवा, पण ४ नको'. ०, २, ६, ८ ही यादी बघून एखाद्या चाणाक्ष मुलीनं हेच वाक्य सांगितलं असतं. नकाशानं ते चौकोन बघून काढलं.

X फुकट मिळतात, पण त्यांचं बिल कधीतरी येतं. आकड्यांचा डिस्प्ले चालवणारी 7447 ही जुनी, प्रसिद्ध चिप घ्या. तिच्यातल्या e पट्टीचा नियम हाच आहे: सम, आणि B चालू असेल तर C पण चालू हवा. एखाद्या सैल जोडणीमुळे तिला चुकून १० ही संख्या मिळाली तर ती कोरी राहत नाही. खालच्या अर्ध्या भागात इंग्रजी लहान c सारखं काहीतरी दाखवते, आणि त्यात e पट्टी पेटलेली असते. चिप बिघडलेली नसते. कुणीतरी एका X ला १ मानलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. असे विचित्र आकार दिसू लागले की चिप बदलण्याआधी तिच्याकडे येणाऱ्या चार तारा तपासाव्यात.

X वापरले नसते तर? मग गट दोन-दोनचेच होतात: ० आणि ८ यांचा B'C'D', २ आणि ६ यांचा A'CD'. अक्षरं सहा. शिवाय इथे एक खोच आहे. ० आणि २ ही घरं शेजारी आहेत, पण दोघांना सामावणारा गट नाही. तारांवरचा आकडा ० वरून थेट २ झाला तर एक गेट विझतं आणि दुसरं पेटतं. या दोघांच्या मध्ये काही नॅनोसेकंद कुणीच पेटलेलं नसेल अशी शक्यता राहते. डोळ्याला तेवढी लुकलुक कळायची नाही. पण हीच तार पुढे एखाद्या मोजणी करणाऱ्या सर्किटला दिली असेल तर ते एक जादा ठोका मोजून बसतं. म्हणून अनुभवी माणूस अशा ठिकाणी A'B'D' हा 'अनावश्यक' गट जाणूनबुजून ठेवतो. सर्वांत लहान उत्तर नेहमी सर्वांत भरवशाचं असतं असं नाही. X घेऊन केलेल्या आपल्या उत्तरात मात्र ही भीती नाही, कारण ० आणि २ दोन्ही कोपऱ्यांच्या गटात आहेत.

विद्यार्थ्यांची सर्वांत नेहमीची चूक स्तंभांच्या क्रमाची. हात सवयीनं ००, ०१, १०, ११ लिहून जातो. मग १० चा स्तंभ कडेवरून आत येतो, कोपऱ्यांचा गट मोडतो आणि ०१ शेजारी १० अशी खोटी जोडी दिसू लागते. पकडायचं कसं? गटातली कुठलीही दोन शेजारची घरं घ्या आणि किती अक्षरं बदलतात ते मोजा. दोन बदलली तर नकाशाच चुकलाय.

चार तारांपर्यंत हे काम पाच मिनिटांचं. पाचव्या तारेला बत्तीस घरं लागतात, सहाव्या तारेला चौसष्ट, आणि तिथे कुठलं घर कुणाचं शेजारी हे मनात धरताना डोळे हार मानतात. त्यापुढे क्वाइन आणि मॅक्लस्की यांची यादी करून जोड्या लावण्याची पद्धत आहे, आणि तारा खूपच वाढल्या की संगणकाची सॉफ्टवेअरं.

कागद-पेन जवळ असेल तर c पट्टीचा नकाशा काढून बघा, उजव्या बाजूच्या खालच्या पट्टीचा. ती फक्त २ ला विझते, म्हणून एकांचे गट पाडण्याऐवजी त्या एकुलत्या शून्याचा गट पाडा आणि आलेलं उत्तर उलटवा. B + C' + D यायला हवं. त्यात A पण आला, तर २ च्या शेजारचा X वापरायला विसरलात.